राजीनाम्यानंतर पगारवाढ मिळाली तर?

दुसरीकडे मुलाखत देतोय हे साहेबांना आधी सांगावे का, असे आमचे माजी विद्यार्थी हमखास विचारतात. आम्ही सांगतो, लेखी नेमणूकपत्र हातात येईपर्यंत नको. मुलाखत फिसकटली तर नोकरी तीच राहते, पण "हा जाणारच" ही खूणगाठ साहेबांच्या मनात पक्की बसते. नव्या कंपनीला सध्याच्या ऑफिसात चौकशी करायची असेल, तर ती नेमणूकपत्रानंतर करा, अशी विनंती करावी. मालक अब्बांच्या ओळखीतले असले, तर मात्र बातमी मोहल्ल्यातून पोहोचण्याआधी आपणच सांगितलेली बरी.

खरी परीक्षा राजीनाम्यानंतर होते. कोपरीतला एक मुलगा वागळे इस्टेटमध्ये हिशेबाच्या कामावर होता. पगार ३२ हजार, त्यात मूळ पगार २० हजार. ऐरोलीत ४० हजारांची नोकरी मिळाली. त्याने राजीनामा दिला आणि तिसऱ्याच दिवशी साहेब म्हणाले, "थांब, आम्हीही ४० देतो."

घरी सगळे खूश. अम्मीला तर ट्रान्स-हार्बरची गर्दी टळल्याचाच आनंद. आम्ही त्याला एकच विचारायला सांगितले, एप्रिलची वाढ यात धरली आहे की वेगळी? उत्तर आले, धरली आहे. म्हणजे दरवर्षीचे अडीच-तीन हजार यातच गेले होते. अशी वाढ पुष्कळदा पुढच्या वाढीची उचल असते.

पण थांबण्याच्या बाजूनेही एक वजनदार गोष्ट होती. त्याच्या नोकरीला चार वर्षे आठ महिने झाले होते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांनी मिळतो. हिशेब असा : मूळ पगाराला २६ ने भागायचे, १५ ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. त्याची रक्कम सुमारे ५७,७०० रुपये होत होती. नोटीस दोन महिन्यांची, म्हणजे आणखी दोन महिने कमी पडत होते. ऐरोलीच्या आठ हजार जादा पगारातून ही रक्कम भरून निघायला सात-आठ महिने लागले असते. त्याने ऐरोलीला रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे मागितली. त्यांनी दिली, आणि इकडच्या साहेबांनीही नोटीस तेवढी वाढवून दिली. अशी सवलत सगळीकडे मिळत नाही.

थांबायचेच असेल तर दोन गोष्टी लेखी हव्यात. नवा पगार कोणत्या तारखेपासून, आणि राजीनामा रद्द झाला. राजीनामा मंजूर झाल्यावर तो एकट्याच्या इच्छेने मागे घेता येत नाही. तोंडी "राहा" म्हटले तरी कागदावर तो चालूच राहतो. या मुलाने पत्र मागितले, तेव्हा साहेब म्हणाले, "विश्वास नाही का?" आठवडा गेला, पत्र आले नाही. शिवाय महिनाअखेर रात्री नऊपर्यंत बसावे लागे म्हणून तो निघाला होता, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते. ठरल्याप्रमाणे तो ऐरोलीला गेला.

त्या पत्राची वाट पाहत असताना त्याने ऐरोलीचे नेमणूकपत्र नाकारले नव्हते, हे बरे झाले.