किडनीविकार आणि बद्धकोष्ठ : भाकरीवरचा खोटा आळ

किडनीचा जुनाट विकार असलेल्या रुग्णांना बद्धकोष्ठाचा त्रास नेहमीचाच असतो. प्यायच्या पाण्यावर मर्यादा, लोहाच्या गोळ्या, फॉस्फरस कमी करण्यासाठी दिलेले कॅल्शियम कार्बोनेट किंवा सेव्हेलामर, पोटॅशियम उतरवण्याची पावडर आणि जोडीला मधुमेह, अशी त्याची कारणे असतात. आणखी एक कारण मात्र घरच्यांनीच तयार केलेले असते. चोथा आहे तिथे पोटॅशियम आलेच, म्हणून चोथ्याचे सगळे बंद, हा तो गैरसमज.

शेवगाव भागात ज्वारी-बाजरीची भाकरी हे रोजचे जेवण. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेले दिसले की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. ताटात मऊ भात येतो, चहाबरोबर टोस्ट आणि बिस्किटे येतात. आठवड्याभरात पोट साफ होईनासे होते आणि दोषही आजाराच्याच माथी जातो.

वास्तविक पोट साफ होण्याचा पोटॅशियमशी थेट संबंध आहे. निरोगी माणसाच्या शरीरातले सुमारे ९० टक्के जादा पोटॅशियम लघवीवाटे जाते, उरलेले शौचावाटे. किडनीचे काम मंदावत जाते तसे मोठे आतडे तिचा भार उचलते आणि शौचावाटे जाणारा वाटा तिपटीच्या आसपास वाढू शकतो. म्हणजे तीन-चार दिवस शौचाला झाली नाही, की पोटॅशियम बाहेर पडण्याची उरलीसुरली वाटही तुंबते. पोटॅशियमच्या धास्तीने चोथा तोडणे इथे उलटे पडते.

आता भाकरीचा हिशेब. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत सुमारे १६५ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ५ ग्रॅम चोथा असतो. दिवसाला तीन भाकरी म्हणजे सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि १५ ग्रॅम चोथा. तेवढ्याच वजनाच्या तांदळातून पोटॅशियम जेमतेम १६० मिलिग्रॅम येते, पण चोथाही ४ ग्रॅमच. आणि ज्याला ‘थंड’ म्हणून रुग्णाला आग्रहाने पाजले जाते, त्या शहाळ्याच्या २०० मिलिलिटर पाण्यात तीन भाकरींइतके, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते, चोथा नावालाच. रुग्णाला दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सांगितलेली असली, तरी तीन भाकरी तिच्या पाव भागात बसतात. शहाळे बसवायचे तर दुसरे काही तरी सोडावे लागते.

मर्यादा सगळ्यांना सरसकट नसतेच. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्तात पोटॅशियम वाढल्याचा इतिहास असलेल्यांसाठी आहार व्यक्तिगणिक ठरवावा आणि पोटॅशियम सहज शोषले जाते असे, विशेषतः प्रक्रिया केलेले पदार्थ कमी करावेत. मर्यादा असेल तर फळांत सफरचंद, नासपती किंवा पपईची फोड चालते. पोट साफ व्हावे म्हणून दिली जाणारी केळी, पेरू, खजूर आणि भिजवलेल्या मनुका मात्र पोटॅशियमने भरलेल्या असतात. बटाटा आणि पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकावे. पोटॅशियम बरेच कमी होते. तेच पाणी रश्शात घेतले तर सगळी मेहनत वाया. ‘कमी सोडियम’चे मीठ म्हणजे बहुधा पोटॅशियम क्लोराइडच, ते घरात ठेवूच नये.

आता औषधांकडे. मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेल्या पातळ रेचकांपैकी अनेकांत मिल्क ऑफ मॅग्नेशिया असते. मॅग्नेशियम बाहेर टाकणे किडनीचेच काम. ते होत नसेल तर मॅग्नेशियम रक्तात साचते. मळमळ, सुस्ती, स्नायूंचा अशक्तपणा, मग रक्तदाब उतरणे आणि नाडी मंदावणे, असा तो क्रम असतो. एप्सम सॉल्टही त्यातलेच. सोडियम फॉस्फेटचा एनिमा किंवा पातळ औषध त्याहून वाईट: त्यातल्या फॉस्फेटने किडनीलाच इजा होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ आणि २०१४ मध्ये इशारे दिले.

चूर्ण आयुर्वेदिक म्हणून निर्धोक, हेही खरे नाही. कित्येकांत सैंधव, म्हणजे मीठच असते आणि सोनामुखी रोजची झाली तर जुलाबाने शरीरातले पाणी घटते. इसबगोलात पोटॅशियम नगण्य, पण एक चमचा घेतला तर पेलाभर पाणी लागते. दिवसाला एक लिटरचीच परवानगी असेल, तर ते पाणी त्यातच मोजायचे; कोरडे घेतले तर उलट अडते. अशा वेळी डॉक्टर बहुधा लॅक्ट्युलोज १५ ते ३० मिलिलिटर देतात किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल. बिसाकोडिल अधूनमधून चालते.

पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि वायूही सरत नसेल, तर रेचक न देता रुग्णालय गाठावे. शौच अडलेली असताना हातापायांत एकाएकी त्राण उरले नाही किंवा छातीत धडधडू लागले, तर त्याच दिवशी ईसीजी आणि रक्तातले पोटॅशियम तपासावे लागते. ही लक्षणे नसली तरी पोटॅशियम धोकादायक पातळीला गेलेले असू शकते, त्यामुळे बरेच दिवस पोट साफ न झालेल्या रुग्णाची पुढची नियमित तपासणी लांबवू नये.