पत्र्याची घडी आणि दोन प्रतलांमधला कोन

गावच्या घराचं छप्पर चौपाखी आहे. आढ्याच्या दोन्ही टोकांपासून चार तिरक्या कडा घराच्या चार कोपऱ्यांकडे उतरतात आणि प्रत्येक कडेवर दोन पाखी एकमेकींना मिळतात. मागे पावसाच्या तोंडावर कौलं उतरवून पत्रे घातले, तेव्हा या तिरक्या कडा झाकायला दुमडलेला पत्रा हवा होता. पत्रा दुमडून देणाऱ्याने विचारलं, "घराचा कोपरा काटकोनी आहे ना?" आहेच, म्हटलं. "मग घडी नव्वदचीच." पत्रे आले, वर चढवले, आणि बसेनात. दोन्ही बाजूंच्या धारा पाख्यांवर टेकलेल्या, पण मधली घडी चार बोटं अधांतरी. स्क्रू आवळायला गेलं की पत्रा पोटात वाकायचा.

कोपरा खरोखरच काटकोनी होता. गुण्या लावून भिंती पाहिल्या, तसूभरही फरक नव्हता. तरी घडी चुकली, कारण भिंतींमधला कोन आणि पाख्यांमधला कोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन पाखी म्हणजे दोन प्रतलं. ती एका रेषेत मिळतात आणि त्या रेषेशी त्यांच्यात जो कोन होतो, त्याला भूमितीत द्वितल कोन म्हणतात. तो मोजायचा कसा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी एक वही उघडा. दोन पानं म्हणजे दोन प्रतलं, शिवण म्हणजे त्यांची सामाईक कड. वही किती उघडली आहे हे सांगायला शिवणीवरचा एक बिंदू घ्यायचा. तिथून डाव्या पानावर शिवणीला लंब रेषा काढायची, त्याच बिंदूपासून उजव्या पानावरही शिवणीला लंब रेषा काढायची. या दोन रेषांमधला कोन हाच द्वितल कोन. बिंदू शिवणीवर कुठेही घेतला तरी उत्तर बदलत नाही. मात्र "शिवणीला लंब" ही अट सुटली, तर उत्तर काहीही येऊ शकतं.

ते किती बिघडतं, हे पुठ्ठ्याच्या घनाकृती खोक्यावर बघता येतं. खोक्याची कड ६ सेंटीमीटर धरू. शेजारच्या दोन पृष्ठांमधला द्वितल कोन ९० अंश आहे, यात कुणाला शंका नसावी. आता खोक्याचा एक कोपरा धरा आणि तिथून या दोन्ही पृष्ठांवर कर्ण काढा. दोन कर्णांमधला कोन किती? डोळा सांगतो, नव्वद. पण दोन्ही कर्णांची दूरची टोकं जोडली, तर ती रेषा तिसऱ्या पृष्ठाचा कर्ण निघते. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे त्रिकोण समभुज, आणि कोन ६० अंशांचा. पृष्ठं तीच, त्यांच्यातली कडही तीच, पण रेषा कडेला लंब नव्हत्या म्हणून नव्वदाचे साठ झाले.

त्याच खोक्याचा एक कोपरा कापू या. तळाचा चौरस अबकड, आणि अ च्या बरोबर वर ६ सेंटीमीटरवर असलेला कोपरा प. सुरी ब, ड आणि प या तीन बिंदूंमधून जाईल अशी फिरवली, तर कापाचं प्रतल तळाशी किती अंशांचा कोन करतं? बहुतेक जण ४५ म्हणतात. हा आकडा येतो कुठून तेही कळतं. बाजूच्या पृष्ठावर बप ही रेषा तळाच्या अब या कडेशी ४५ अंश करतेच. पण प्रश्न अब कडेचा नाही. काप आणि तळ मिळतात ते बड या रेषेत, आणि सगळे लंब तिच्यावर पडायला हवेत.

बड चा मध्यबिंदू म घ्या. चौरसाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, म्हणून तळावरची मअ ही रेषा बड ला लंब आहे. कापावर पब आणि पड सारख्या लांबीच्या आहेत, म्हणून पम सुद्धा बड ला लंब आहे. दोन्ही लंब एकाच बिंदूत भेटले. आता अ पाशी काटकोन असलेला त्रिकोण मअप पाहायचा. उभी बाजू अप ६ सेंटीमीटर, आडवी बाजू मअ तळाच्या कर्णाच्या निम्मी, म्हणजे ४.२४ सेंटीमीटर. सहाला ४.२४ ने भागलं की १.४१४ येतात, आणि ज्या कोनाचा टॅन्जंट १.४१४ आहे तो कोन ५४.७ अंशांचा. पंचेचाळीसच्या अंदाजापेक्षा जवळजवळ दहा अंश जास्त.

इथवर रीत एकच आहे. सामाईक कड कोणती ते आधी ठरवायचं, तिच्यावर एकच बिंदू शोधून दोन्ही प्रतलांत तिथे लंब टाकायचे, आणि मग जो त्रिकोण मिळेल तो सोडवायचा. पिरॅमिडमध्ये नेमकी पहिली पायरीच घसरते, कारण तिथे कडा दोन प्रकारच्या आहेत.

पुठ्ठ्याचा पिरॅमिड करायला सोपी मापं घेऊ. तळ १२ सेंटीमीटरचा चौरस, उंची ८ सेंटीमीटर, शिखर तळाच्या मध्यावर. तळाच्या मध्यापासून तळाच्या बाजूपर्यंत ६, वर शिखर ८, म्हणून पृष्ठाच्या मधोमध शिखरापासून तळकडेपर्यंतची तिरकी उंची १०. म्हणजे १२ पाया आणि १० उंची असलेले चार समद्विभुज त्रिकोण कापून जोडले की मॉडेल तयार.

तळ आणि एक पृष्ठ यांच्यातला कोन सोपा आहे. सामाईक कड तळाची बाजू, तिच्या मध्यबिंदूत दोन्ही लंब मिळतात: तळावरचा ६ चा आणि पृष्ठावरचा १० चा. कोसाइन ६ भागिले १०, म्हणजे ०.६, आणि कोन ५३.१ अंश. इथे अनेक विद्यार्थी तळाच्या कोपऱ्यापासून शिखराकडे जाणाऱ्या कडेचा तळाशी होणारा कोन काढून बसतात. तो ४३.३ अंश येतो. तो रेषा आणि प्रतल यांच्यातला कोन आहे, दोन प्रतलांमधला नाही.

खरी कसोटी शेजारच्या दोन उतरत्या पृष्ठांची. शिखर श आणि तळाचे कोपरे अ, ब, क, ड धरले, तर शबक आणि शकड ही पृष्ठं शक या कडेत मिळतात. माझ्या छपराची तिरकी कड ती हीच. आधी तिची लांबी. १० चा वर्ग अधिक ६ चा वर्ग मिळून १३६, त्याचं वर्गमूळ ११.६६. आता ब पासून शक वर लंब टाकायचा. त्याची लांबी काढायला क्षेत्रफळ कामाला येतं. पृष्ठाचं क्षेत्रफळ १२ आणि १० यांच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे ६० चौरस सेंटीमीटर. तेच क्षेत्रफळ ११.६६ हा पाया धरून मोजलं, तर उंची १२० भागिले ११.६६, म्हणजे १०.२९ येते. ड पासूनचा लंबही तेवढाच, आणि दोन्ही पृष्ठं एकसारखी असल्यामुळे तो शक वर त्याच बिंदूत पडतो.

मग त्रिकोण उरतो तो १०.२९, १०.२९ आणि तळाचा कर्ण बड, १६.९७. दोन्ही लंबांचा वर्ग १०५.८८, कर्णाचा वर्ग २८८. कोसाइनच्या सूत्रात घातलं की कोसाइन येतो उणे ०.३६, आणि कोन १११.१ अंश.

ते उणे चिन्ह विसरलं तर कॅल्क्युलेटर ६८.९ दाखवतो, आणि ही चूक फार होते. पुस्तकात "दोन प्रतलांमधला कोन" म्हटलं की संकेताने लघुकोन घेतात, त्या प्रश्नाला ६८.९ हे उत्तर बरोबर आहे. पण पिरॅमिडच्या पोटातला, दोन पृष्ठांच्या आतल्या बाजूचा कोन विचारला असेल, तर तो विशालकोनच असणार. हे आकडेमोडीशिवायही पडताळता येतं. पिरॅमिड दाबून चपटा केला, तर शेजारची पृष्ठं एका पातळीत येतात आणि कोन १८० कडे जातो. शिखर उंच उंच ओढलं, तर तो चौकोनी खांबासारखा दिसू लागतो आणि कोन ९० कडे उतरतो. चौरस तळाच्या सरळ पिरॅमिडमध्ये उत्तर या दोहोंच्या मध्येच राहतं.

आता ०.३६ कडे पुन्हा पाहा. तो ०.६ चा वर्ग आहे, आणि ०.६ हा पृष्ठाच्या उताराचा कोसाइन होता. हा योगायोग नाही. दोन्ही उतार सारखे आणि कोपरा काटकोनी असेल, तर उताराच्या कोसाइनचा वर्ग करायचा आणि त्याला उणे चिन्ह लावायचं, की द्वितल कोनाचा कोसाइन मिळतो. दोन पाख्यांचे उतार वेगळे असतील, तर वर्गाऐवजी दोन कोसाइनांचा गुणाकार घ्यायचा. कोपराच काटकोनी नसेल, तर मात्र हे सूत्र चालत नाही आणि लंब टाकण्याच्या मूळ रीतीकडे परतावं लागतं.

इजिप्तमधल्या गिझाच्या मोठ्या पिरॅमिडला हे लावून बघू. त्याची मूळ मापं इजिप्शियन हातांत ४४० चा तळ आणि २८० ची उंची, म्हणजे साधारण २३० मीटर आणि १४६ मीटर, अशी मानली जातात. उतार ५१.८ अंशांचा येतो, कोसाइन ०.६१८, त्याचा वर्ग ०.३८२, आणि शेजारच्या दोन पृष्ठांमधला कोन ११२.४ अंश. इजिप्तच्या गणितात मात्र उतार अंशांत मोजत नसत. एक हात चढताना किती तळहात-बोटं आत सरकायचं, या मापाला ते सेकेद म्हणत. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, इसवीसनपूर्व १५५० च्या सुमाराच्या ऱ्हिंड पपायरसात ३६० हात तळ आणि २५० हात उंची असलेल्या पिरॅमिडचा सेकेद काढून दाखवला आहे. त्या पद्धतीत ११२.४ ची गरजच पडत नाही. दगडांचा प्रत्येक थर आडवा असतो आणि आडव्या थराचा कोपरा ९० अंशांचाच राहतो. प्रत्येक थर सेकेदाप्रमाणे आत घेत गेलं, की तिरक्या कडेवरचा कोन आपोआप तयार होतो.

माझ्या पत्रेवाल्याचा नव्वद तो हाच आडव्या थराचा नव्वद. छपराची कड आडवी कापली तर तो दिसतो. पण पत्रा दुमडला जातो तो घडीच्या रेषेला लंब दिशेने, म्हणून त्याला द्वितल कोनच लागतो. आमच्या पाख्यांचा उतार ३० अंशांचा आहे. तीसचा कोसाइन ०.८६६, वर्ग ०.७५, म्हणून घडी १३८.६ अंशांची हवी होती. जवळजवळ पन्नास अंशांची चूक झाली होती.

सूत्र नको असेल, तर दोन सरळ पट्ट्या घ्या. कडेवरच्या एकाच खुणेपासून, कडेशी गुण्या लावून, एक पट्टी या पाखीवर आणि दुसरी त्या पाखीवर ठेवा. त्या दोन्हींवर बसेल असा पुठ्ठा कापा आणि पत्रा दुमडायला देताना आकड्यासोबत तो पुठ्ठाही द्या. आमचे दुसऱ्या खेपेचे पत्रे तसेच करून आणले, आणि ते घडीपासून धारेपर्यंत टेकले.