मेथीचे पाणी आणि सकाळची गोळी

रात्री ग्लासभर पाण्यात चमचाभर मेथ्या टाकायच्या, झाकून ठेवायच्या आणि सकाळी उपाशीपोटी ते पिवळसर पाणी गाळून प्यायचे. साखर असलेल्या घरांत आता हा नेम चहाइतका रूढ झाला आहे. पाणी कडवट लागते. कडू म्हणजे गुणकारी हा आपला जुना हिशेब असल्यामुळे त्याबद्दल फारशी शंका कुणी घेत नाही. मेथीचा रक्तातल्या साखरेवर परिणाम होतो, हे खरेच आहे. मात्र तो परिणाम कशामुळे होतो ते कळले, की गाळणीत उरलेल्या मेथ्या कचऱ्यात टाकताना हात थांबेल.

सकाळी ग्लास रिकामा करताना तळच्या मेथ्या बोटांत धरून पाहा. दाणा फुगून जवळजवळ दुप्पट झालेला असतो आणि त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो थर म्हणजे पाण्यात फुगणारा तंतू, गॅलॅक्टोमॅनन. मेथीदाण्याचा बराचसा भाग वेगवेगळ्या तंतूंचाच असतो आणि त्यातला हा चिकट तंतू मधुमेहात सर्वांत कामाचा. तो पोटात गेला की अन्नाचा लगदा दाट होतो, जठरातून पुढे हळू सरकतो, आणि पोळी-भातातली साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचते. जेवणानंतर साखर एकदम उसळी मारते ती थोडी बसते. मेथीत ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचे एक अमिनो आम्लही असते. साखर वाढलेली असताना ते इन्शुलिन सुटायला मदत करते असे प्रयोगशाळेत दिसले आहे, पण घरगुती मापात मुख्य भार तंतूवरच आहे.

आता गाळलेल्या पाण्याचा विचार करा. थंड पाण्यात रात्रभर भिजलेल्या अख्ख्या दाण्यातून रंग, कडवटपणा आणि थोडा चिकटपणा पाण्यात उतरतो. बहुतेक तंतू दाण्यातच राहतो. शिवाय हे पाणी सकाळी सहाला रिकाम्या पोटी जाते आणि नाश्ता होतो नऊला. ज्या अन्नाचा वेग कमी करायचा ते तेव्हा पोटात आलेलेच नसते. उपाशीपोटीची साखर बरीचशी रात्रभर यकृताने सोडलेल्या साखरेवर ठरते. सकाळचा एक ग्लास त्यात फारसा हस्तक्षेप करू शकत नाही. म्हणून माझे मत असे, की मेथी घ्यायच्या सगळ्या पद्धतींत गाळलेले पाणी ही सर्वांत दुबळी पद्धत आहे. तीच सर्वांत लोकप्रिय का झाली, तर ती सोपी आहे आणि तिच्यात दाणे चावावे लागत नाहीत.

ज्या अभ्यासांच्या जोरावर मेथीचे नाव झाले, त्यांत काय दिले होते ते पाहण्यासारखे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. आर. डी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास जे प्रयोग केले, त्यांतल्या एकात टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना दहा दिवस रोज १०० ग्रॅम मेथीची पूड दिली होती. तेल काढलेली ही पूड दोन जेवणांतल्या पोळ्यांमध्ये मिसळलेली असे. उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीतून जाणारी साखर जवळपास निम्म्याने कमी झाली. शंभर ग्रॅम मेथी म्हणजे मोठी वाटी भरून. घरात एवढी कुणी रोज खाणार नाही आणि खाऊही नये. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना तीन वर्षे रोज १० ग्रॅम पूड दिली गेली. पाच-पाच ग्रॅम, दोन वेळा, जेवणाआधी. मेथी न घेणाऱ्या गटात मधुमेह जडण्याची शक्यता चौपटीहून थोडी जास्त आढळली. अभ्यास लहान होता, म्हणून या आकड्याला फार ताणू नये. निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्यांनाही परिणाम दिसला तो मुख्यतः रोज पाच ग्रॅम आणि त्याहून जास्त मेथी देणाऱ्या चाचण्यांत. त्या चाचण्यांचा दर्जा सरसकट चांगला होता, असेही नाही.

स्वयंपाकघरातला लहान चमचा सपाट भरला तर सुमारे चार ग्रॅम मेथ्या बसतात. म्हणजे अभ्यासांतल्या दहा ग्रॅमसाठी अडीच चमचे दाणे पोटात जायला हवेत. एकदम तिथवर उडी मारली तर गॅस, पोटफुगी आणि जुलाब ठरलेले. अर्ध्या चमच्याने सुरुवात करावी, आठवडाभराने एक चमचा, आणि पोट साथ देईल तसे वाढवावे. भिजवायच्याच असतील तर त्याच पाण्यासह दाणे चावून खावेत आणि लगेच नाश्त्याला बसावे. मोड आणले तर कडवटपणा कमी होतो. मोड आलेल्या मेथ्यांची उसळ आपल्याकडे चालत आलेली आहेच. भाकरीच्या पिठात पूडही मिसळता येते. कोरडी फक्की मात्र मारू नये. ती घशात आणि अन्ननलिकेत फुगू लागते, आणि गिळायला त्रास असलेल्या वयस्कर माणसाला त्यातून ठसका लागून जीव घाबरा होऊ शकतो.

सावधगिरीच्या यादीत पहिला नंबर लागतो तो साखर ढकलून खाली आणणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांचा. एक नमुना घेऊ. समजा, ५८ वर्षांचे एक काका आहेत. त्यांच्या गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही दोन औषधे एकत्र आहेत. उपाशीपोटीची साखर १४०च्या आसपास असते. त्यांनी मेथीचा नेम धरला: सहाला मेथ्यांसकट पाणी, साडेसहाला तासभर चालणे, परत आल्यावर गोळी, मग अंघोळ, पूजा, पेपर आणि साडेनऊला नाश्ता. वजन कमी करायचे म्हणून रात्रीचे जेवणही त्यांनी निम्मे केले. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस नऊच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. ग्लुकोमीटरवर आकडा होता ६२.

दोष एकट्या मेथीचा नव्हता. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, आणि तुम्ही जेवलात की नाही हे त्या विचारत नाहीत. म्हणून अशी गोळी नाश्त्याला बसतानाच घ्यायची असते. काकांनी गोळी आणि नाश्ता यांत दोन तासांचे अंतर टाकले, वर चालणे वाढले, जेवण घटले आणि मेथीने त्यात आपला वाटा घातला. नुसते मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन घेणाऱ्याला हा धोका बराच कमी असतो. आपली गोळी कुठल्या जातीची, ते पाकिटावरच्या मोठ्या नावावरून कळत नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचावे लागतात किंवा औषधवाल्याला विचारावे लागते.

साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून लगेच प्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, वाढली नसेल तर पुन्हा तेवढेच घ्यायचे आणि मग काहीतरी खायचे. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: गोळीत वोग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर आपली नेहमीची साखर अशा वेळी लवकर उपयोगी पडत नाही, कारण तिचे विघटन रोखणे हेच त्या औषधाचे काम. त्या घरात ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, अडचण वेगळी आहे. ती गोळीही उपाशीपोटी आणि मेथीही उपाशीपोटी, म्हणून दोन्ही एकाच ग्लासाबरोबर उरकले जाते. तंतूच्या चिकट लगद्यात गोळी अडकली तर रक्तात कमी उतरते, आणि काही महिन्यांनी ‘टीएसएच वाढला कसा’ म्हणून गोळीचा डोस वाढवला जातो. ती गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी आणि मेथी दुपारच्या जेवणाकडे न्यावी. तिथे ती साखरेसाठीही अधिक कामाची.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मेथीचा रोजचा नेम आपल्या मनाने सुरू करू नये. मेथी असलेल्या वनौषधींमुळे आयएनआर वाढल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही जपावे, कारण मेथी त्यांच्याच शेंगवर्गातली.

गरोदरपणातल्या साखरेसाठी तर हा उपाय टाळावाच. आमटीच्या फोडणीतले चार दाणे किंवा भाजीतली मेथी वेगळी आणि रोज चमचे-चमचे दाणे वेगळे. एवढ्या प्रमाणात मेथीमुळे गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असते. आईने बाळंतपणाच्या तोंडावर भरपूर मेथी घेतली असेल तर नवजात बाळाच्या लघवीला गोडसर वास येतो, आणि ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ या दुर्मीळ, गंभीर आजाराच्या संशयाने बाळाच्या तपासण्या सुरू झाल्याची उदाहरणे आहेत. मेथीचे लाडू आपल्याकडे बाळंतपणानंतर देतात, तोही वास डॉक्टरांच्या कानावर घातलेला बरा.

उपयोग होतो की नाही हे कळायला बाकीचे काही बदलू नये. आधी आठवडाभर मेथीशिवाय, गोळ्या, चालणे आणि नाश्ता तोच ठेवून, नाश्त्यानंतर दोन तासांनी साखर मोजावी. मग दोन आठवडे मेथीसह तशीच मोजावी. घरच्या यंत्राचा आकडा खऱ्या आकड्याहून पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, तेव्हा एखाद्या दिवशी १९० ऐवजी १७५ दिसले म्हणून खूश होऊ नये. सरासरी पाहावी आणि खरा निकाल तीन महिन्यांच्या साखरेवर, म्हणजे एचबीए१सीवर, सोडावा. तिथे फरक नसेल तर मेथी खुशाल बंद करावी. आकडे चांगले आले तरी गोळी आपल्या मनाने कमी करू नये. ती डॉक्टर कमी करतील, पण त्यासाठी त्यांना मेथीबद्दल माहीत हवे. पुढच्या खेपेला जाल तेव्हा औषधांच्या यादीत मेथीही लिहून न्या: किती चमचे, कोणत्या वेळी, दाण्यांसह की गाळून. आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर साधारण दोन आठवडे आधी मेथी थांबवा आणि भूलतज्ज्ञांना तसे सांगा.