प्रबंधातला ऋणनिर्देश : छापायच्या आधी नावं तपासा

आमच्या विभागातल्या एनएमआर यंत्रावर जे काम बघतात, त्यांना सगळे नुसतं काका म्हणतात. पाच वर्षांत माझे शेकडो नमुने त्यांनी लावून दिले असतील. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव घालायचं हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. ते घातलंही. बांधून आलेली प्रत घेऊन मी मुद्दाम त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून ते पान नीट वाचलं आणि हसून म्हणाले, "छान लिहिलंयस गं. पण हे कोण? आमच्या भावकीतलं कोणी दिसतंय." त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'करे' आहे. मी 'कर' छापलं होतं. पाच वर्षं काका म्हणत राहिल्यामुळे त्यांचं आडनाव मी कुठे लिहिलेलं पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

तोवर प्रती जमा झाल्या होत्या आणि पीडीएफ शोधगंगेसाठी गेली होती. शोधगंगेवर प्रबंधाची सुरुवातीची पानंही चढतात. म्हणजे ही चूक माझ्या कपाटात राहत नाही, कोणीही उघडून पाहू शकतं. म्हणून, तुमचा प्रबंध अजून छापायला गेला नसेल, तर या दोन पानांसाठी एक अख्खी दुपार बाजूला ठेवा.

आधी हे समजून घ्या की इतर पानांवर चालणारी तपासणी इथे चालत नाही. प्रकरणांमध्ये स्पेलिंग चुकलं की संगणक खाली लाल रेघ मारतो. ऋणनिर्देशात जवळजवळ प्रत्येक नावाखाली लाल रेघ असते, बरोबर नावाखालीही. मग डोळा त्या रेघा बघणंच सोडून देतो. त्याहून वाईट म्हणजे कंटाळून आपण एखादं नाव शब्दकोशात जोडून टाकतो. ते चुकीचं स्पेलिंग जोडलं गेलं असेल, तर तो संगणक पुन्हा कधी तक्रार करत नाही. आणि आपली काही आडनावं तर इंग्रजी शब्दच आहेत : More, Mane, Kale, Gore. Kale ऐवजी हात चुकून Kala पडलं, तर रेघ तरी येईल, पण Male पडलं तर तीही येणार नाही. (हे हसण्यासारखं वाटतं, छापून येईपर्यंत.)

आता एक वाक्य घेऊ. हे मी नमुन्यासाठी बनवलंय, पण यातल्या चुका अशा आहेत की जुने प्रबंध चाळलेत तर ओळखीच्या वाटतील.

```
I thank University Grant Commission for SRF
(2018-2023) and the Head, Department of Chemistry,
Kavayatri Bahinabai Choudhary North Maharashtra
University, for NMR facility.
```

सुरुवात संस्थेच्या नावापासून करू. यूजीसीच्या नावात Grants आहे, अनेकवचनी. Grant लिहिलेले प्रबंध इतके आहेत की कानाला तेच बरोबर वाटायला लागतं. तसंच सीएसआयआरचं : Council of Scientific and Industrial Research, त्यात of आहे, for नाही. या चुका टिकून राहतात, कारण ऋणनिर्देश आपण कोऱ्या पानावर लिहीत नाही. सिनिअरची फाइल घेतो, नावं बदलतो. सिनिअरनं त्याच्या सिनिअरची घेतलेली असते. त्यामुळे संस्थेचं नाव प्रबंधातून कधीच उचलू नका. तुमच्या हातातलं अवॉर्ड लेटर उघडा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर बघून लिहा.

शोधनिबंधात याचा परिणाम नुसत्या लाजेपुरता राहत नाही. वेब ऑफ सायन्ससारख्या सूची निबंधातल्या आभाराच्या मजकुरातून निधी देणाऱ्या संस्थेचं नाव आणि अनुदान क्रमांक उचलतात. नाव वेगळं पडलं किंवा क्रमांकातला एखादा अंक, कंस किंवा तिरकी रेघ गळली, तर तो निबंध त्या अनुदानाखाली दिसेलच असं नाही. सीएसआयआरच्या फेलोशिपचा फाइल क्रमांक कंस, तिरक्या रेघा आणि शेवटी `EMR-I` असा लांबलचक असतो. तो हातानं टाइप करू नका. आणि त्या शेवटी 1 नसून I आहे, हे एकदा स्वतः बघा.

दुसरी चूक वर्षांची. २०१८ ते २०२३ अशी पाच वर्षं एसआरएफ कोणालाच मिळत नाही. नेटवरून मिळालेल्या फेलोशिपमध्ये साधारण पहिली दोन वर्षं जेआरएफ असते, मग मूल्यमापन होऊन एसआरएफ मिळते. म्हणजे एक तर दोन्हींचा उल्लेख वेगवेगळ्या वर्षांसह करा, नाहीतर वर्षं गाळून 'जेआरएफ आणि एसआरएफ' एवढंच लिहा. वर्षं लिहिणार असाल तर कुठलं वर्ष, हाही प्रश्न आहे. निकाल लागला ते वर्ष वेगळं असू शकतं आणि तुम्ही रुजू झालात ते वेगळं. फेलोशिप रुजू झाल्यापासून मोजतात, म्हणून जॉइनिंग रिपोर्टवरची तारीख धरा. आठवणीतून लिहू नका. माझ्या आठवणीतली तारीख चक्क सात महिन्यांनी चुकली होती, कारण माझ्या डोक्यात नेटच्या निकालाचा दिवस पक्का बसला होता.

तिसरी, विद्यापीठाचं नाव. इथे दोन अक्षरी चुका आहेत. बरोबर नाव `Kavayitri Bahinabai Chaudhari North Maharashtra University`. 'कवयित्री' मराठीत लिहितानासुद्धा आपण 'कवियत्री' करतो, मग रोमनमध्ये काय होणार! आणि चौधरी हे आडनाव Chaudhari, Chaudhary, Choudhari, Choudhary असं चारही तऱ्हांनी लिहिलं जातं. यातली कुठलीही तऱ्हा मुळात चूक नाही. या विद्यापीठासाठी मात्र एकच बरोबर आहे. माणसांच्या नावांनाही हेच लागू होतं. तुमच्या दोन चौधरी सरांपैकी एक `i` लावत असतील, दुसरे `y`.

विद्यापीठांच्या बाबतीत काळाचाही गुंता आहे. हे नाव २०१८ पासूनचं. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, आणि सोलापूर विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव नंतर मिळालं. २०१२ मध्ये तुम्ही पुण्यात एमएस्सी केलं असेल, तर पदवीवर जुनं नाव आहे. मग ऋणनिर्देशात काय लिहायचं? मी लावलेला नियम असा : पदवी किंवा मंजुरीपत्राबद्दल बोलत असाल तर कागदावर आहे ते नाव. आज तिथे असलेल्या माणसांचे आभार मानत असाल तर आजचं नाव. एसईआरबीच्या जुन्या अनुदानाचंही तेच. ते मंडळ आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावलं गेलंय. मंजुरीपत्र एसईआरबीचं असेल तर ते नाव तसंच ठेवून पुढे 'आता एएनआरएफ' असं जोडता येतं.

चौथी चूक चटकन दिसत नाही. विभागप्रमुख कोणते? बऱ्याच विद्यापीठांत हे पद काही वर्षांनी फिरतं. पाच वर्षांच्या पीएचडीत तुम्ही दोन-तीन प्रमुख पाहिलेले असतात. एनएमआरची परवानगी ज्यांनी दिली ते आज प्रमुख नसतील, आणि जे आज आहेत त्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नसेल. नुसतं पद लिहिलं की आभार भलत्याच माणसाला जातात. नाव लिहा आणि त्यापुढे 'माजी' लागतं का ते बघा. पदव्यांचंही तसंच. आपण बोलताना सगळ्यांनाच प्राध्यापक म्हणतो, पण इंग्रजीत Prof. हे पद आहे. सहायक प्राध्यापकांना पीएचडी असेल तर Dr. लावा. उलट, तुम्ही प्रवेश घेतला तेव्हा सहयोगी असलेल्या मॅडम दरम्यान प्रोफेसर झाल्या असतील, तर तीन वर्षांपूर्वीच्या मसुद्यातलं Dr. तसंच राहून जातं. प्रबंध सादर करायच्या तारखेला जे पद आहे ते लिहा. आणि त्या तारखेपर्यंत कोणी गेलं असेल, तर जुना मसुदा वाचताना तेही ध्यानात ठेवावं लागतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण पाच वर्षं हा मोठा काळ आहे.

हे सगळं तपासायचं कसं? ऋणनिर्देशातली फक्त नावं एका वहीच्या पानावर उतरवून काढा. प्रत्येक नावासमोर लिहा : हे स्पेलिंग मी कुठे पाहिलं? 'माहीत आहे' हे उत्तर चालणार नाही. संशोधन करणाऱ्यांसाठी त्यांचा अगदी अलीकडचा निबंध किंवा ईमेलखालची सही चांगली. विभागाच्या संकेतस्थळावर जपून विश्वास ठेवा, तिथे निवृत्त झालेले लोकही कामावर असतात. निबंध न लिहिणाऱ्यांना, म्हणजे यंत्रचालक, ऑफिसमधल्या मॅडम, होस्टेलच्या मावशी, यांना सरळ विचारा. विचारताना मात्र तोंडी नाही. कागद पुढे करून म्हणा, "काका, तुम्हाला छापायला हवंय तसं नाव इथे लिहून देता का?" पगारपत्रकावरचं नाव आणि माणसाला हवं असलेलं नाव नेहमी एकच नसतं. लग्नानंतर कागदोपत्री आडनाव बदललेल्या एका मॅडम निबंधांत माहेरचंच लावतात, हे मला असंच विचारल्यावर कळलं. दक्षिणेकडच्या सहकाऱ्यांच्या नावातलं आद्याक्षर पुढे आहे की मागे, तेही विचारून घ्या. उगाच आपल्या पद्धतीनं उलटवू नका.

एकदा बरोबर रूप कळलं की ते नाव फाइलमध्ये आणखी कुठे आहे ते शोधा. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि आकृत्यांखालच्या ओळींतही ते असतं. लाटेकमध्ये लिहीत असाल तर एक ओळ पुरते :

```
grep -n -E "Ch[ao]udhar[iy]" *.tex
```

चारही तऱ्हा ओळ क्रमांकासह समोर येतात. 'सगळे एकदम बदला' हे बटण मात्र दाबू नका, संदर्भसूचीत खरोखरच दुसऱ्या स्पेलिंगचे चौधरी बसलेले असतात.

शेवटी पानाखालची तारीख. ऋणनिर्देश, प्रतिज्ञापत्र आणि मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र ही तिन्ही पानं शेजारी ठेवून बघा. मसुदा मार्चमध्ये केला आणि सादरीकरण जुलैवर गेलं, तर एका पानावर मार्च राहतोच. महिना अक्षरात लिहा, कारण 05/03 हे परदेशी परीक्षकाला ३ मेही वाटू शकतं. आणि मौखिकीत मदत केल्याबद्दल परीक्षकांचे आभार सादर करायच्या प्रतीत नकोत. ती परीक्षा अजून व्हायचीय.

माझ्या चुकीचं पुढे काय झालं? विद्यापीठातल्या प्रती बदलता आल्या नाहीत. माझ्याकडच्या प्रतीत मी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. काकांना मुलीला दाखवायला त्या पानाची झेरॉक्स हवी होती. ती न देता मी ते पान नीट करून जाड कागदावर छापून नेलं. देण्याआधी या वेळी त्यांच्याकडून नाव लिहून घेतलं होतं. ती चिठ्ठी अजून माझ्या वहीत आहे. आडनावच नाही, त्यांच्या नावातही माझ्याकडून एक `h` राहिला होता. तो त्यांनी तेव्हा दाखवलाच नव्हता.