साठ सेकंदांतला श्रावणघेवडा

गॅलरीतल्या कुंडीत कोणी बी पेरतो, माती सारखी करतो, आणि पुढच्याच क्षणी अंकुर वर आलेला असतो. आणखी दोन क्षणांत पाने, मग फुले, आणि मिनिट संपायच्या आत टोपलीभर शेंगा! असा एखादा लघुपट तुम्ही मोबाइलवर पाहिलाच असेल. माझ्या भाचीने तो पाहिला आणि त्याच दिवशी श्रावणघेवड्याच्या चार बिया कुंडीत पेरल्या. तिसऱ्या दिवशी काहीच दिसेना, म्हणून तिने माती उकरून एक बी बाहेर काढले. त्याला नुकतेच बोटाच्या पेराएवढे पांढरे मूळ फुटले होते. ते उकरताना मोडले. चौथ्या दिवशी दुसरे बी, पाचव्या दिवशी तिसरे. चौथे बी पाणी जास्त झाल्याने कुजून गेले होते.

चूक तिची होती, पण थोडी त्या लघुपटाचीही होती. त्याने मधले सहा दिवस गाळले होते, आणि गाळले आहेत हे सांगितले नव्हते. काळाच्या अशा उड्या कोठे माराव्या आणि कोठे मारू नयेत, हे आपण एकाच झाडाच्या उदाहरणाने पाहू.

फाळक्यांचा वाटाणा

ही युक्ती काही मोबाइलबरोबर आलेली नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला भांडवल हवे होते, आणि कॅमेऱ्याने काय करता येते हे पैसे देणाऱ्यांना पटवायचे होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाचे चित्रण केले. त्यातून मिनिटभराहून थोडा मोठा चित्रपट तयार झाला. त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’.

आता थोडे गणित करा. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. ती ३० दिवसांत वाटली, तर दिवसाला सरासरी ३२ चित्रे येतात. रोज एकच चित्र घेतले असते, तर सगळा चित्रपट दोन सेकंदांत संपला असता! तेव्हा ‘किती वेळाने एक चित्र घ्यायचे’ हा या साऱ्या प्रकारातला पहिला प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर झाडाच्या हालचालीच्या वेगावर अवलंबून असते.

पहिले सहा दिवस

श्रावणघेवडा म्हणजे आपली फरसबी. किराणा दुकानातला राजमा हाही याच जातीच्या झाडाचे बी असते. पण ते किती जुने आहे हे कळत नाही, म्हणून बियाणांच्या दुकानातून वेलीच्या जातीचे बी आणावे. ३० सेंटिमीटर रुंद व तितकीच खोल कुंडी घ्या. तिच्या बुडाला भोके हवीतच. दोन भाग माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळून ती भरा. चार बिया सुमारे तीन सेंटिमीटर खोल पेरा व पाणी द्या. रोपे वर आल्यावर त्यांतली जोमदार दोन ठेवायची. महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ चांगला. कडक उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर जाऊ लागला, की याची फुले गळतात. वेल हिरवागार दिसतो, पण शेंग धरत नाही.

पेरल्यावर वरून काही दिसत नाही, पण आत बरेच चाललेले असते. रात्री भिजत घातलेला राजमा सकाळी कसा टम्म फुगतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीतही प्रथम तेच होते. दोन-तीन दिवसांनी साल फाटून मूळ खाली उतरते. मग बीजदलांखालचे खोड वाढू लागते आणि वाकून त्याचा एक आकडा बनतो. हा आकडा माती फोडतो व मऊ शेंडा मागोमाग ओढला जातो. शेंडाच सरळ पुढे घुसला असता, तर मातीच्या कणांनी खरचटून निघाला असता.

हे पाहण्यासाठी कुंडी उकरायची गरज नाही. काचेच्या पेल्यात आतून टीपकागद लावा, मध्ये ओला कापूस भरा आणि काच व कागद यांच्यामध्ये दोन बिया ठेवा. जे कुंडीत अंधारात घडते, ते इथे डोळ्यांसमोर घडेल. कुंडीतले पाणी मात्र बोटाने तपासावे. बोट दोन सेंटिमीटर आत घालून पाहा. ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. दहा दिवसांतही अंकुर दिसला नाही, तर मग एक बी काढून बघावे. ते दाबल्यावर मऊ लागले आणि वास आला, तर पाणी जास्त झाले असे समजा.

साधारण सहाव्या-सातव्या दिवशी आकडा वर येतो. उजेड लागताच त्याची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा भराभर वाढते, आणि एखाद्या दिवसात मान सरळ होते. टोकाला दोन जाड बीजदले असतात. फाळक्यांच्या वाटाण्यात ही दिसली नसणार, कारण वाटाण्याची बीजदले जमिनीतच राहतात. घेवड्याची वर येतात, पुढच्या काही दिवसांत आपला साठा रोपाला देतात, सुरकुततात आणि गळून पडतात. रोप आजारी आहे, असे तेव्हा समजू नका.

रोज एक चित्र घेतले, तर आज माती आणि उद्या सरळ रोप, एवढेच दिसते. आकड्याची सारी कामगिरी दोन चित्रांच्या मध्ये हरवते. म्हणून माती तडकलेली दिसली, की त्या दिवशी दर दहा मिनिटांनी एक चित्र घ्या. बारा तासांत ७२ चित्रे होतील. सेकंदाला १२ या वेगाने दाखवली, तर ती सहा सेकंद पुरतात.

वर फिरणारा शेंडा

तिसऱ्या आठवड्यात वेल आधार शोधू लागतो. त्याच्या शेजारी दीड मीटर उंचीची काठी रोवलेली असावी. वेल सरळ काठीकडे जात नाही; त्याचा लांब शेंडा हवेत गोल फिरतो आणि काठी लागली, की तिला वेढा घालतो. वरून पाहिले, तर हे फिरणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असते. चार्ल्स डार्विनने वेलींवर बारकाईने निरीक्षणे केली होती. घेवड्याच्या शेंड्याला एका फेरीला सुमारे दोन तास लागतात, असे त्याला आढळले.

आता समजा, तुम्ही नेमके दर दोन तासांनी चित्र घेतले. दर वेळी शेंडा एक फेरी पुरी करून जवळजवळ त्याच जागी आलेला असेल. तुमच्या चित्रपटात तो स्थिर दिसेल! चित्रपटात धावत्या गाडीचे चाक कधी थांबलेले, तर कधी उलटे फिरताना दिसते ना? तोच हा प्रकार. चित्रे खोटी नाहीत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा. म्हणून इथे दर पाच मिनिटांनी चित्र हवे. चार तासांत ४८ चित्रे, म्हणजे चार सेकंदांत दोन फेऱ्या.

रोजच्या चित्राची वेळ

बाकीच्या दिवसांना रोज एक चित्र पुरे. पण ते ठरलेल्या वेळीच घ्यावे. घेवड्याच्या पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींतले पाणी इकडून तिकडे गेले, की दिवसा आडवे असलेले पान संध्याकाळी खाली लोंबते. एक चित्र सकाळी, दुसरे रात्री असे घेतले, तर पाने पंख फडफडावीत तशी दिसतील आणि वाढ कळणारच नाही. सकाळी आठ म्हणजे आठ.

गॅलरीत उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे रोप कठड्याकडे झुकते. अनेक जण कुंडी रोज फिरवतात. चित्रपटात मग रोप एकदा इकडे, एकदा तिकडे उडी मारते. तेव्हा कुंडी फिरवू नका. झुकणे हेही पाहण्यासारखेच आहे. मोबाइल कठड्याला समांतर दिशेने, बाजूने धरा. उजेड समोरून आला, तर रोप काळे दिसते. मोबाइल ज्या स्टुलावर ठेवायचा, त्याच्या पायांभोवती खडूने खुणा करा. पहिल्या दिवसापासून सगळी काठी चित्रात मावेल इतके अंतर ठेवा. नाहीतर पंचविसाव्या दिवशी वेल चौकटीबाहेर निघून जाईल. कुंडीत एक फूटपट्टी उभी करा आणि दिवसाचा आकडा लिहिलेला पुठ्ठा ठेवा.

सुमारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फुले येतात. पाचव्या मजल्यावर मधमाश्या कोठून आणायच्या, ही काळजी नको. घेवड्याच्या फुलात स्वपरागण होते, तेही बहुधा फूल पुरते उमलण्याआधीच. त्यानंतर दोन आठवड्यांत शेंगा तोडणीला येतात. आतले दाणे बाहेरून उठून दिसू लागण्याआधी त्या तोडाव्या. वेलावर जून होऊ दिल्या, तर नवी फुले कमी येतात. दोन वेलांतून एका वेळी मूठभर शेंगा मिळतील. टोपलीभर शेंगा देणारी ती एक कुंडी नव्हती, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

हिशेब मांडू. रोजची ६० चित्रे प्रत्येकी अर्धा सेकंद धरली, तर ३० सेकंद. आकडा सहा, शेंडा चार. उरलेल्या वीस सेकंदांत पेरणी, पेल्यातले बी आणि तोडणी. झाला साठ सेकंदांचा चित्रपट.

माझ्या भाचीने ऑक्टोबरात पुन्हा बी पेरले आणि असाच चित्रपट केला. त्यात पहिली सहा चित्रे नुसत्या मातीची आहेत. मैत्रिणी म्हणाल्या, ‘‘ही काढून टाक, काहीच घडत नाही.’’ तिने ती काढली नाहीत. तीन सेकंद पडद्यावर माती दिसते आणि पुठ्ठ्यावरचा आकडा एक, दोन, तीन असा सहापर्यंत बदलत जातो.