अभ्यासाचं टेबल घेताना खाली वाकून बघा

अभ्यासाचं टेबल घ्यायला गेलेल्या माणसाची नजर वरच्या फळीवरच खिळलेली असते. रंग बरा आहे ना, चकाकी फार नाही ना, वही-पुस्तक आणि लॅपटॉप एकत्र मावेल ना, एवढं बघून झालं की भाव सुरू होतो. पण चार-पाच वर्षांनी तेच टेबल भंगारवाल्याला द्यायची वेळ येते, तेव्हा वरची फळी बहुतेक वेळा धडधाकटच असते. गेलेली असते ती जमिनीला टेकणारी कड, नाहीतर जोडाचे स्क्रू आपापल्या भोकात नुसते गरगर फिरत असतात. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि अस्सल लाकूड यांतला फरक खरा कळतो तो याच दोन जागी.

उदाहरणासाठी दुकानात सर्रास दिसणारं टेबल घेऊ. चार फूट लांब, दोन फूट रुंद. दोन्ही बाजूंना पायांच्या जागी उभ्या फळ्या, मागे एक आडवी फळी, एक ड्रॉवर. सगळा माल 18 मिलिमीटर जाडीचा. लेबलवर ‘इंजिनिअर्ड वूड’ असं लिहिलेलं. हा शब्द पार्टिकल बोर्डालाही चालतो आणि एमडीएफलाही, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. कळायला हवं असेल तर वायर खाली सोडण्यासाठी फळीला जे गोल भोक पाडलेलं असतं, त्यातलं प्लॅस्टिकचं झाकण काढून आत बघावं. राजगिऱ्याच्या चिक्कीसारखे दाणे आणि मध्ये बारीक पोकळ्या दिसल्या तर तो पार्टिकल बोर्ड. एकसारखा, गुळगुळीत, दाणा नसलेला तपकिरी थर दिसला तर एमडीएफ. अस्सल लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसतात. त्या कडेपाशी तुटल्या तर वर पातळ विनिअर किंवा छापील कागद चिकटवलेला आहे असं समजावं.

पार्टिकल बोर्ड बनतो लाकडाच्या बारीक चिपांपासून, काही वेळा उसाच्या चिपाडापासूनही. चिपांना युरिया-फॉर्माल्डिहाइड जातीचा गोंद लावून त्या गरम दाबयंत्रात दाबतात. वर-खाली बारीक भुशाचा घट्ट थर असतो आणि पोटात जाडसर चिपांचा सैल थर. एमडीएफसाठी लाकूड वाफवून, दळून त्याचे तंतू वेगळे करतात आणि तेच गोंद लावून दाबतात. त्यामुळे तो आतपर्यंत जवळजवळ एकसारखा असतो आणि थोडा जडही. दोन्ही बोर्डांच्या सपाट बाजूंवर लॅमिनेट बसलं की तिथून पाणी सहजी आत जात नाही. कड मात्र कापलेली असते. पोटातला थर तिथे उघडा पडतो आणि पाणी शिरतं ते तिथूनच.

आता कड फुगते म्हणजे नेमकं काय होतं? दाबयंत्रात चिपा चेपल्या जातात आणि गोंद त्यांना तशाच चेपलेल्या अवस्थेत धरून ठेवतो. पाणी लागलं की चिपा फुगतात, त्यांच्यात दाबून धरलेला ताण मोकळा होतो आणि पाण्याला कच्चा असलेला गोंद जागोजागी सुटतो. पुढे कड वाळते, पण सुटलेला गोंद काही पुन्हा धरत नाही. म्हणून फुगलेला पार्टिकल बोर्ड उन्हात ठेवला तरी मूळ जाडीवर येत नाही. एमडीएफचं दुखणं हेच आहे. तंतू बारीक आणि घट्ट असल्याने पाणी जरा हळू चढतं, कड खडबडीत न होता एकसारखी सुजते, इतकंच. पण दहा-बारा टक्के फुगली तरी 18 मिलिमीटरची कड 20 ची होते. तेवढ्याने लॅमिनेटचा कोपरा उचलला जातो आणि एकदा तो उचलला की पुढचं पाणी आणखी सोपेपणाने आत जातं.

हे पाणी येतं कुठून? वरून सांडलेला चहा आपण लगेच पुसतो. पण आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते आणि टेबलाच्या उभ्या फळ्यांची खालची कड रोज थोडं थोडं पाणी पिते. पावसाळ्यात खिडकीतून झड येत असेल तर मागची कडही भिजते. कारखान्यात दिसणाऱ्या कडांना पीव्हीसीची पट्टी लावतात, पण स्वस्त टेबलात नेमक्या खालच्या आणि मागच्या कडा उघड्याच ठेवलेल्या असतात. म्हणून टेबल आडवं करून खालून हात फिरवावा. बोटाला खरखर लागली तर तिथे पट्टी नाही. पट्टीची जाडीही बघावी. जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची पट्टी धक्क्याने फुटते आणि सोलली जाते, दोन मिलिमीटरची टिकते.

अस्सल लाकडाचा स्वभाव वेगळा. तेही फुगतं, पण वाळलं की परत आकसतं. सागाच्या टेबलाचा पाय रोज पुसताना ओला झाला तर पॉलिश जाईल, डाग पडेल, पण पायाचा भुसा होणार नाही. अडचण येते ती वरच्या फळीत. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. मे महिन्यातल्या कोरड्या हवेपासून ऑगस्टमधल्या दमट हवेपर्यंत लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर दोन फूट रुंदीची सागाची फळी तीन-चार मिलिमीटरने रुंदावते. सुताराने ती खालच्या चौकटीला स्क्रू आणि फेविकॉल लावून घट्ट बांधून टाकली असेल तर तिला हलायला जागाच उरत नाही आणि ती तडकते किंवा वाकडी होते. जाणता सुतार चौकटीत स्क्रूसाठी लांबट भोकं ठेवतो, म्हणजे फळी स्क्रूसकट थोडी सरकू शकते. ही भोकंही खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत. शिवाय लाकूड नीट वाळवलेलं हवं. आंबा किंवा रबरवूड घेत असाल तर त्यावर किडीचं औषध झालंय का, तेही विचारावं.

दुसरी जागा स्क्रूची. स्क्रू पकडून राहतो तो त्याच्या आट्यांमध्ये अडकलेल्या मालामुळे. लाकडात लांब, सलग तंतू असतात, ते आट्यांना घट्ट धरतात. स्क्रू काढून पुन्हा लावला तरी पकड बऱ्यापैकी राहते. फक्त तंतूंच्या टोकाच्या बाजूने, म्हणजे फळीच्या आडव्या कापावर, स्क्रू लावला तर लाकूडही कमी धरतं.

पार्टिकल बोर्डात सपाट बाजूने लावलेला स्क्रू घट्ट थरातून जातो, त्यामुळे ठीक धरतो. कडेतून लावलेला स्क्रू मात्र पोटातल्या सैल चिपांमध्ये जातो. ड्रिल मशीनने तो जरा जास्त आवळला की आट्यांभोवतीच्या चिपांचा भुगा होतो आणि स्क्रू जागच्या जागी फिरू लागतो. एमडीएफ सपाट बाजूने पार्टिकल बोर्डापेक्षा चांगलं धरतो, पण त्याची कड चिरते. आधी भोक न पाडता चार मिलिमीटरचा स्क्रू कडेत घातला की थर फाकतात आणि बाहेरून फळीवर उंचवटा दिसतो. तिथे आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडावं, कोपऱ्यापासून दोन-तीन इंच दूर राहावं आणि शेवटचे फेरे हातानेच द्यावेत.

तयार टेबलात उभी फळी वरच्या फळीला बहुधा फिरकीच्या फिटिंगने जोडलेली असते. वरच्या फळीच्या खालून एक छोटा बोल्ट रोवलेला असतो आणि उभ्या फळीतली गोल फिरकी त्याचं डोकं ओढून धरते. टेबल जागेवर उभं आहे तोवर ही जोडणी पुरते. पण झाडू मारताना ते एका बाजूने ओढलं की सगळा हिसका त्या बोल्टावर येतो आणि तो बोर्डातून उखडतो. मागची आडवी फळी हाच हिसका रोखायला असते. ती नसलेलं टेबल हलवून बघितलं तर दुकानातच डुगडुगतं. घर बदलताना दर वेळी टेबल उघडून जोडलं की ही भोकं आणखी ढिली होतात.

उखडलेला बोल्ट दुरुस्त होतो. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून महिनाभर निभतं, पण पक्कं काम असं करावं: भोक 10 मिलिमीटरपर्यंत मोठं आणि स्वच्छ करायचं. 18 मिलिमीटरच्या फळीत 12 मिलिमीटरपेक्षा खोल जायचं नाही, नाहीतर वरचं लॅमिनेट फुटतं. त्यात फेविकॉल लावून त्याच जाडीची कठीण लाकडाची खुंटी ठोकायची, एक दिवस वाळू द्यायची, वर आलेली कापून सपाट करायची आणि तिच्यात बोल्टासाठी नवं भोक पाडायचं. आता बोल्ट भुशात न बसता लाकडात बसतो.

फुगलेली कड मात्र घासून किंवा लांबी भरून बरी होत नाही, कारण आतला गोंदच सुटलेला असतो. उभ्या फळीचा खालचा इंचभर फुगला असेल तर तेवढा कापून टाकावा, नव्या कडेला दोन हात पॉलिश किंवा ऑइलपेंट देऊन ती बंद करावी आणि कापलेल्या उंचीचे प्लॅस्टिकचे बुश खाली ठोकावेत. कड फरशीपासून वर राहिली की फडक्याचं पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही.

मग घ्यायचं काय? बजेट मर्यादित असेल तर पार्टिकल बोर्ड टाळायचं कारण नाही, फक्त तो योग्य जागी वापरलेला हवा. सगळ्यात शहाणी रचना म्हणजे लोखंडी चौकट आणि तिच्यावर 25 मिलिमीटरची प्री-लॅमिनेटेड फळी, चारही कडांना दोन मिलिमीटरची पट्टी. इथे सगळे स्क्रू खालून सपाट बाजूने जातात, कडेत एकही नसतो, आणि बोर्डाचा जमिनीशी संबंधच राहत नाही. पार्टिकल बोर्डाचा ताठपणा सागाच्या साधारण एक चतुर्थांश असतो, म्हणून चार फुटांच्या फळीला 18 ऐवजी 25 मिलिमीटर जाडी घ्यावी. तेवढ्याने ताठपणा अडीच पटींहून अधिक वाढतो आणि फळी मध्ये झोळत नाही. रंग लावायचा असेल, कडा गोल हव्या असतील तर एमडीएफ घ्यावा, कारण पार्टिकल बोर्डाच्या कडेवर रंग बसत नाही. टेबल दोन मुलांनी पाठोपाठ वापरायचं असेल, बदलीच्या नोकरीत गावोगाव न्यायचं असेल, तर अस्सल लाकूडच परवडतं. आणि दमट किनारपट्टीवर राहत असाल आणि कोणी उघड्या कडांचं, बोर्डाच्या पायांचं टेबल निम्म्या किमतीत देत असेल, तरी ते घेऊ नका.