एका तारेवरचे तापमान आणि मायक्रोसेकंदांचा हिशेब

डीएस१८बी२० हा तीन पायांचा तापमान सेन्सर दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा असतो. एक पाय वीजपुरवठ्याचा, एक ग्राउंडचा, आणि उरलेल्या एकाच पायावरून मायक्रोकंट्रोलरच्या आज्ञा आत जातात व तापमानाचे आकडे बाहेर येतात. डॅलस सेमीकंडक्टर कंपनीने विकसित केलेल्या या पद्धतीला वन-वायर म्हणतात. तिच्यात घड्याळाची वेगळी तार नसते. तार किती वेळ खाली ओढून ठेवली, एवढ्यावरूनच शून्य की एक हे ठरते. त्यामुळे इथे वेळ हीच माहिती असते.

बहुतेक लहान मायक्रोकंट्रोलरांमध्ये वन-वायरसाठी खास सर्किट नसते. मग प्रोग्रामच एखादी साधी पिन हाताने खालीवर करतो आणि मधली प्रतीक्षा मायक्रोसेकंदांत मोजतो. यालाच बिट-बँगिंग म्हणतात. तार ४.७ किलोओहमच्या रोधकाने वरच्या व्होल्टेजला बांधलेली असते. तिला खाली कोणीही ओढू शकते, वर मात्र कोणी ढकलत नाही. सोडून दिली की रोधक तिला आपोआप वर नेतो.

संभाषणाची सुरुवात मायक्रोकंट्रोलर करतो. तो तार निदान ४८० मायक्रोसेकंद खाली ठेवून सोडतो. सेन्सर १५ ते ६० मायक्रोसेकंद थांबतो आणि मग स्वतः ६० ते २४० मायक्रोसेकंद तार खाली ओढून आपण हजर असल्याचे कळवतो. यानंतर एकेक बिट जातो. ‘एक’ लिहायचा तर तार १ ते १५ मायक्रोसेकंद खाली ठेवायची, ‘शून्य’ लिहायचा तर ६० ते १२०. वाचतानाही सुरुवात मायक्रोकंट्रोलरच करतो. तो तार क्षणभर खाली ओढून सोडतो. सेन्सरला ‘एक’ सांगायचा असेल तर तो काहीच करत नाही, ‘शून्य’ सांगायचा असेल तर तार खाली धरून ठेवतो. मात्र बिटच्या सुरुवातीपासून १५ मायक्रोसेकंदांपर्यंतच त्याची खात्री असते. त्यानंतर तो तार कधीही सोडू शकतो.

अडचण इथेच येते. मायक्रोकंट्रोलरला या सेन्सरखेरीज इतरही कामे असतात. आर्डुइनो उनोवरच्या १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगा३२८पीमध्ये वेळ मोजणारा टायमर दर १०२४ मायक्रोसेकंदांनी इंटरप्ट देतो, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आपले छोटे काम उरकून घेतो. त्यात काही मायक्रोसेकंद जातात. सीरियल पोर्टवरून अक्षर आले की आणखी एक इंटरप्ट येतो. ‘एक’ लिहिताना तार १० मायक्रोसेकंद खाली ठेवायची आहे आणि नेमक्या त्याच वेळी असा व्यत्यय आला, तर त्या दहाचे सतरा होतात आणि सेन्सर तो बिट शून्य समजू शकतो. वाचताना उलटे घडते. सेन्सरने शून्यासाठी तार खाली धरलेली असते, पण प्रोग्राम उशिरा पाहतो. तोवर तार सुटून वर गेली असेल तर शून्याच्या जागी एक वाचला जातो.

याचा परिणाम प्रत्यक्ष आकड्यांत पाहता येतो. बारा बिटांच्या मापनात सेन्सर तापमान एका अंशाच्या सोळाव्या भागांत मोजतो. २५.०६२५ अंशांसाठी तो ४०१ हा आकडा पाठवतो, सोळाच्या पद्धतीत `0x0191`. यातला चौसष्टाच्या किमतीचा बिट शून्य आहे. तो उशिरा वाचल्यामुळे एक झाला, तर ४०१ चे ४६५ होतात आणि पडद्यावर २९.०६२५ अंश दिसतात. आकडा अशक्य वाटत नाही, म्हणूनच तो धोक्याचा.

यावर उपाय म्हणजे नाजूक क्षणापुरते इंटरप्ट बंद करणे. एक बिट वाचण्याचे काम असे दिसते:

```c
uint8_t read_bit(void) {
    uint8_t bit, s = SREG;
    cli();
    DDRD |= (1 << PD2);
    _delay_us(3);
    DDRD &= ~(1 << PD2);
    _delay_us(10);
    bit = (PIND >> PD2) & 1;
    SREG = s;
    _delay_us(53);
    return bit;
}
```

`cli()` इंटरप्ट बंद करते. तार ३ मायक्रोसेकंद खाली राहते, सोडल्यावर १० मायक्रोसेकंदांनी तिची स्थिती वाचली जाते, आणि लगेच इंटरप्ट पूर्ववत होतात. उरलेले ५३ मायक्रोसेकंद ते मोकळेच असतात. शेवटी सरळ `sei()` न लिहिता `SREG` ची जुनी किंमत परत ठेवली आहे. हे फंक्शन बोलावण्याआधीच कोणी इंटरप्ट बंद केले असतील, तर ते आपण परस्पर चालू करू नयेत म्हणून.

तो ५३ चा विराम मोकळा का सोडता येतो, हे समजले की सगळा विषय उलगडतो. तार वर असताना कितीही वेळ गेला तरी सेन्सरला फरक पडत नाही. दोन बिटांमधले अंतर वाढले तर वाचन फक्त थोडे लांबते. सुरुवातीचा ४८० मायक्रोसेकंदांचा विरामही थोडा वाढला तर चालतो. लांबून चालत नाही ते मोजकेच: ‘एक’ लिहितानाचा खालचा काळ, वाचतानाचे पहिले १३ मायक्रोसेकंद, हजेरी तपासण्याचा क्षण, आणि १२० ची मर्यादा असलेला शून्याचा खालचा काळ.

सेन्सरच्या नऊ बाइटांचे पूर्ण वाचन इंटरप्ट बंद ठेवूनच करण्याचा मोह होतो. पण ७२ बिटांना जवळजवळ पाच मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात टायमरचे चार-पाच ठोके येतात आणि चिप त्यांपैकी एकच लक्षात ठेवते, त्यामुळे घड्याळ मागे पडते. ११५२०० बॉडने येणारे अक्षर दर ८७ मायक्रोसेकंदांनी येते, म्हणजे तीही गळतात. तेरा मायक्रोसेकंदांच्या बंदीत यातले काहीच हरवत नाही, फक्त किंचित उशीर होतो. तापमान मोजायला सेन्सरला लागणाऱ्या ७५० मिलिसेकंदांत तर इंटरप्ट बंद ठेवण्याचे कारणच नाही.

चूक कुठे झाली हे आकड्यांवरून बरेचसे ओळखता येते. नववा बाइट आधीच्या आठांचा तपासणी-अंक असतो. तो जुळला नाही तर वाचन टाकून द्यावे. वेळ चुकल्यामुळे बिघडलेल्या वाचनात शून्याचे एक होतात. एकाचे शून्य होत असतील तर संशय तारेवर घ्यावा. लांब तारेची धारिता रोधकाला लवकर भरता येत नाही आणि तार वेळेत वर पोहोचत नाही. मीटरला ६० पिकोफॅरॅड धरले तर ५० मीटर तारेचा कालस्थिरांक १४ मायक्रोसेकंद येतो, म्हणजे वाचायच्या क्षणी तार अजून वर चढतच असते. अशा वेळी इंटरप्ट बंद करून काही साधत नाही. कमी ओहमचा रोधक लावावा लागतो.

दोन दोष तपासणी-अंकालाही चुकवतात. तार ग्राउंडला चिकटली तर सगळे बिट शून्य येतात, तपासणी-अंकही शून्यच जुळतो, आणि तापमान शून्य अंश दिसते. म्हणून सुरुवातीलाच तार मोकळी असताना वर जाते का, ते पाहावे. दुसरा दोष ८५ अंशांचा. वीज मिळाल्यावर सेन्सरमध्ये हाच आकडा ठेवलेला असतो. मापनाची `0x44` ही आज्ञा पाठवताना एखादा ‘एक’ लांबून शून्य झाला, तर मापन होतच नाही आणि जुना आकडा अगदी बिनचूक परत येतो.

लिनक्स चालवणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या संगणकावर साध्या प्रोग्रामला इंटरप्ट बंद करता येत नाहीत. तिथे हे काम कर्नलमधला `w1-gpio` ड्रायव्हर करतो. दुसरा मार्ग सीरियल पोर्टचा: ११५२०० बॉडने `0xFF` पाठवले की सुरुवातीच्या बिटने तार ८.७ मायक्रोसेकंद खाली जाते आणि पुढचे नमुने पोर्टचे हार्डवेअरच घेते. तेच `0xFF` परत आले तर सेन्सरने ‘एक’ पाठवला, दुसरे काही आले तर ‘शून्य’.